मदत हवी आहे: गणपतीआधी पोट उतरवायचंय, डाएट प्लॅन द्या

खाडीकाठ: नमस्कार मंडळी. राहायला गुहागरजवळ. गणपतीला मुंबईची भावंडं येतात आणि आल्या आल्या माझ्या पोटावरून सुरू होतात. दोन महिने हातात आहेत. सकाळपासून रात्रीपर्यंत काय खायचं, व्यायाम कोणता, कोणीतरी लिहून द्या. मासे खातो. भात सुटत नाही.

कातळकडा: अगदी सोपं. रात्री साडेसातनंतर काही नाही, सकाळचा नाश्ता बंद, दिवसात दोनदाच जेवण, भात अजिबात नाही. सकाळी उपाशीपोटी तासभर घाटी चढा. माझे चार महिन्यांत 9 किलो गेले.

सुरंगी: थांबा जरा. वय किती? काही आजार, रोजच्या गोळ्या? मी आहारसल्ल्याचं काम करते. एवढं विचारल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही सांगत नाही.

फणसगरा: माझं उलट आहे. वय 23, वजन 49, वाढवायचंय. घरी दोन डंबेल आहेत. हाच प्लॅन चालेल का?

सुरंगी: नाही हो, तो वजन उतरवायचा आहे! तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

खाडीकाठ: वय 54, वजन 82, उंची साडेपाच फूट. शुगर आहे सहा वर्षं, पण गोळीने ताब्यात आहे म्हणून लिहिली नाही. कातळकडांचं वाचून कालच सुरुवात केली. रात्री नुसती पेज प्यायलो. आज सकाळी गोळी घेतली आणि जेट्टीवरून देवळापर्यंत चढ धरला. अर्ध्या वाटेत दरदरून घाम, हात थरथरायला लागले, पोटात भुकेची आग. टपरीवर दोन गोड चहा आणि खारी खाल्ली तेव्हा बरं वाटलं. चरबी जळायला लागली की असंच होतं ना?

सुरंगी: नाही. साखर खाली गेली असणार. गोळीचं नाव पाकिटावर बघून लिहा.

खाडीकाठ: ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500, एकाच गोळीत.

सुरंगी: मला तीच शंका होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. रात्री पेज, सकाळी रिकामं पोट, वर चढ. स्नायू साखर ओढून घेतात, गोळीचं काम चालूच असतं, आणि भर घालायला आत काही नाही. म्हणून ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या लगेच आधी घ्यायची असते. चहाने बरं वाटलं तरी या गोळीचा असर तासन्‌तास टिकतो, साखर पुन्हा घसरू शकते. आज पोटभर जेवलात ना?

खाडीकाठ: हो, दुपारी बांगडा आणि दोन वाट्या भात.

कातळकडा: मलाही शुगर आहे की. मला कधी काही झालं नाही. मी फक्त मेटफॉर्मिन घेतो.

सुरंगी: म्हणूनच नाही झालं. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जात नाही.

कातळकडा: हे माहीत नव्हतं. पण भात कमी केला की शुगर उतरते, हे तरी खरं ना?

सुरंगी: खरं, आणि अडचण तिथेच आहे. जेवणातला भात उतरला की गोळीचा डोसही उतरवावा लागतो, आणि तो डॉक्टरांनी. खाडीकाठ, स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नका. भेट होईपर्यंत तिन्ही वेळा जेवा. दुपारी दोन वाट्यांऐवजी दीड वाटी भात, ताटात कुळथाचं पिठलं किंवा कालवणातला मासा वाढवा. तळलेला बांगडा मात्र कमी. चढ सध्या नको. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं चाला, साखर तेव्हाच चढलेली असते. खिशात साखरेची पुडी ठेवा. पुन्हा तसं झालं तर थांबा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर परत तेवढीच. वर आली की काहीतरी खा. कोणी बेशुद्ध पडलं तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. घरी ग्लुकोमीटर आहे का? पायांना मुंग्या, बधिरपणा?

खाडीकाठ: मीटर मुलीने दिलाय, पेटीतच आहे. तळव्यांना थोडी बधिरता आहे, पण मी वाळूत अनवाणीच चालतो.

सुरंगी: मग आधी चपला. शिंपला टोचलेला कळणार नाही आणि जखम चिघळेल. ही बधिरता डॉक्टरांना दाखवा.

फणसगरा: मग व्यायाम काय करायचा त्यांनी? जिम तर तिकडे नाही.

सुरंगी: घरात काय आहे त्यावर ठरेल. गुडघे कसे आहेत तेही त्यांनी सांगितलेलं नाही.

खाडीकाठ: अंगण आहे, सात पायऱ्या आहेत. उजवा गुडघा उतरताना दुखतो. डॉक्टरांकडे गुरुवारी जातो. पण एक राहिलं. श्रावण आला की महिनाभर मासे बंद, आणि सोमवारचा उपास वीस वर्षं चुकलेला नाही. त्या दिवशी गोळीचं काय?

सुरंगी: गेल्या श्रावणात काय करत होता? गोळी घेऊन उपास?

खाडीकाठ: हो. संध्याकाळी गळून जायचो. वाटायचं, उपासच तो.

सुरंगी: गुरुवारी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारा. आणि मीटर पेटीतून काढा, उद्या सकाळचा आकडा इथे लिहा.