रिप्लाय ऑल करूनही गोदाम सुटतं ते इथे

"सेल्सने ऑर्डर वाढवली, अकाउंट्सने बिल बदललं, तरी कुपवाडच्या गोदामातून जुन्या आकड्यानेच माल गेला. तिघेही एकाच थ्रेडमध्ये होते, मग असं कसं झालं?"

रिप्लाय ऑल थ्रेडमधल्या सगळ्यांना जात नाही. ज्या एका मेलवर तुम्ही उत्तर देता, त्या मेलवर असलेल्या नावांनाच तो जातो.

समजा, सोमवारी सेल्सने अकाउंट्सला ४० पोती हळदीची ऑर्डर कळवली. अकाउंट्सने उत्तर देताना गोदामाला सीसीत घेतलं. मंगळवारी सेल्सने आपलीच सोमवारची मेल उघडून "६० करा" असं रिप्लाय ऑल केलं. त्या मेलवर गोदाम नव्हतंच! स्क्रीनवर मात्र सगळ्या मेल एकाखाली एक दिसतात, म्हणून चूक कळत नाही.

त्यामुळे उत्तर कायम शेवटच्या मेलवर द्या आणि पाठवण्याआधी नावांची ओळ उघडून वाचा. आकडा बदलला की गोदाम आणि अकाउंट्स दोघंही 'टू'मध्ये हवेत, कारण दोघांनाही काम करायचंय. सीसी फक्त माहितीपुरती. पहिल्याच ओळीत लिहा: "६० पोती पाठवा, आधीचा ४० चा आकडा रद्द. गोदामाने 'मिळालं' असं कळवावं." हे उत्तर येईपर्यंत गाडी भरायला घेऊ नये.

आणखी एक: रिप्लायसोबत आधीची फाइल पुढे जात नाही, फॉरवर्डसोबत जाते. नवीन माणूस जोडलात तर परचेस ऑर्डर पुन्हा जोडा. ग्राहक सीसीत असेल तर उधारीची चर्चा त्या थ्रेडमध्ये नकोच, त्यासाठी वेगळी मेल करा.