खेळ कळतो, तरी ईस्पोर्ट्सच्या पैजेत तोटा का?

ओंकार
आठ वर्षं काउंटर-स्ट्राइक बघतोय. टीम, मॅप, कोण कसा खेळतो, सगळं पाठ आहे. फुटबॉलचे भाव ठरवायला तज्ज्ञांची फौज असते, इथे तसं नाही, म्हणजे जाणकाराला इथे फायदा व्हायला हवा. तरी वर्षाचा हिशेब तोट्यातच निघतो. माझं नेमकं कुठे चुकतंय?

मृणाल
ओंकार, मी काही वर्षं ईस्पोर्ट्सचे भाव लावणाऱ्या टीममध्ये काम केलंय, त्यामुळे समोरच्या बाजूने काय दिसतं ते सांगते. एक सामना घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत.

दुसऱ्या फळीतला सामना, तीनपैकी दोन मॅप जिंकायचे. सकाळी भाव असा: पहिली टीम १.६०, दुसरी २.२०, म्हणजे पहिलीवर १०० लावून जिंकलास तर मुद्दलासकट १६० हाती. १.६० ला बरोबरीत राहायचं तर पहिली टीम शंभरातून साडेबासष्ट वेळा जिंकायला हवी. दोन्ही बाजूंच्या अशा टक्क्यांची बेरीज करून बघ, जवळजवळ १०८ येते. १०० च्या वरचे ते आठ म्हणजे बुकीचं मार्जिन. मोठ्या स्पर्धेच्या फायनलला ते बरंच कमी असतं, कारण तिथे पैसा भरपूर येतो आणि बुकीला चुकायची धास्ती कमी असते. लहान सामन्यात त्याला स्वतःलाच खात्री नसते, म्हणून तो मार्जिन वाढवतो. तू ज्याला अडाणी बाजार समजतोस, तिथे आत शिरायलाच जास्त पैसे मोजावे लागतात.

आता दुपारी टीमचा स्नायपर आजारी पडतो आणि बदली खेळाडू येतो. सामन्याआधी एकेक मॅप बाद करून मॅप ठरताना टीमने घोटवलेले दोन मॅप निरुपयोगी होतात, कारण नव्या माणसाला त्यावरचे स्मोक ग्रेनेड आणि हालचाली ठाऊक नाहीत. प्रतिस्पर्ध्यालाही हे कळतं, मग तो मुद्दाम तेच मॅप खेळायला उरवतो. जिंकायची शक्यता समज ५८ वरून ४८ टक्क्यांवर येते. ज्याने सकाळी १.६० ला १०० लावलेत त्याची पैज बहुतेक ठिकाणी तशीच चालू राहते, कारण पैज टीमवर असते, खेळाडूवर नाही. ४८ टक्क्यांनी १.६० म्हणजे सरासरी हाती येणार ७७. त्याने खेळ चुकीचा ओळखला नव्हता. त्याने ज्या टीमवर पैसे लावले ती टीम संध्याकाळी मैदानात उतरलीच नाही.

तन्मय
मृणालताई, हिशेब मान्य, पण निष्कर्ष उलटा निघतो. बदली खेळाडूची बातमी बुकीच्या आधी ज्याला कळते तो दुसऱ्या टीमवर २.२० घेतो. मी खेळाडूंची अकाउंट्स, त्यांची लाइव्ह स्ट्रीम, टीमच्या घोषणा सगळं बघतो. एखादा खेळाडू अचानक एकटाच रँक्ड खेळताना दिसला की समजायचं, सराव बंद आहे. गेल्या साठ पैजांत मी फायद्यात आहे. आणि टीम बदलली की ती खालावतेच, असंही नाही. डोटा २ मध्ये २०१८ च्या द इंटरनॅशनल स्पर्धेआधी ओजी टीमचे फ्लाय आणि एसफोर हे खेळाडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेले, कोच सेब स्वतः खेळायला बसला, टॉपसन जवळजवळ अनोळखी होता. खुल्या पात्रता फेरीतून आले आणि स्पर्धा जिंकले. बाजार रोस्टर बदलाला घाबरून त्या टीमचा भाव फार वाढवून ठेवतो, तिथेच संधी असते.

शलाका
मी निमव्यावसायिक टीममध्ये तीन वर्षं खेळले, त्यामुळे तन्मयच्या 'आधी कळतं' वर बोलते. मला वाटतं मूळ प्रश्न सामना निश्चितीचा आहे. चुकत असेन तर सांगा.

एका स्पर्धेच्या आदल्या रात्री आमच्या कॅप्टनचा हात दुखावला. मॅनेजर म्हणाला, कुठे बोलायचं नाही. तरी सकाळपर्यंत आमचे पाच जण, मॅनेजर, बदली खेळाडू, त्याचा रूममेट आणि ज्या टीमबरोबर आम्ही सराव सामना रद्द केला त्यांचे पाच जण, इतक्यांना कळलं होतं. बाहेर पहिली घोषणा सामन्याच्या चाळीस मिनिटं आधी आली. कोण काय लावत होतं मला माहीत नाही. पण तन्मय, तू ज्या रांगेत उभा आहेस त्यात तुझ्यापुढे किमान डझनभर माणसं होती, आणि त्यांना काही शोधावं लागलं नव्हतं.

हे कल्पनेतलंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सात काउंटर-स्ट्राइक खेळाडूंवर पैजा लावल्याबद्दल १२ महिन्यांची बंदी आली. आणि ऑगस्ट २०१४ चा आयबायपॉवर विरुद्ध नेटकोडगाइड्स हा सामना तर मुद्दाम हरलेला होता. खेळाडूंना बंदी लागली ती जानेवारी २०१५ मध्ये. मधले पाच महिने ज्यांनी प्रामाणिकपणे आयबायपॉवरवर लावलं होतं, ते स्वतःच्या अंदाजाला दोष देत बसले असतील.

ओंकार
शलाका, निश्चितीचा प्रश्न नव्हता माझा, पण तुझं चाळीस मिनिटांचं वाचून एक आठवलं. फेब्रुवारीत एका टीमचं गेल्या तीन महिन्यांचं एका मॅपवरचं रेकॉर्ड बघून पैज लावली, १४ पैकी १० जिंकलेले. हरल्यावर मागे जाऊन बघितलं, तर त्यातले नऊ सामने जुन्या लाइनअपचे. पाचपैकी दोघं बदलले होते, पण टीमचं नाव, लोगो आणि क्रमवारी तीच.

मृणाल
हीच जागा. क्रमवारीचा साधारण नियम असा की पाचपैकी तिघं तेच राहिले तर टीमचे गुण टिकतात. स्पर्धेत कुणाला घ्यायचं हे ठरवायला तो नियम ठीक आहे, पैजेसाठी नाही. गेलेल्या दोघांत खेळाच्या दरम्यान सूचना देणारा असेल तर तिघं जुने असले तरी ती नवी टीमच आहे. तुझ्या १४ मधले नऊ काढलेस तर उरतात पाच सामने, आणि पाच सामन्यांवरून मॅपबद्दल कुणालाच काही बोलता येत नाही. इतकी लहान संख्या आपल्याला फुटबॉलमध्ये चालणार नाही, इथे मात्र पानावर टक्केवारी छापून आली की ती मोठी दिसते.

तन्मय, ओजी जिंकले तेव्हा कुणाकडेही गुप्त बातमी नव्हती. जे बदल सगळ्यांना महिनोनमहिने ठाऊक होते, त्यांचं मोल करणं हा वेगळा खेळ आहे. शिवाय त्याच वर्षी लाइनअप बदलून पात्रता फेरीत गळालेल्या टीमची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. तुझ्या साठ पैजांबद्दल: साधारण दुप्पट भावाच्या साठ पैजांत सात-आठ पैजांइतका वरखाली फरक नुसत्या नशिबाने पडतो. फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे का?

तन्मय
सात-आठच्या आसपासच आहे, ते मान्य. पण मी निकालावर अवलंबून नाही. प्रत्येक पैजेपुढे मी सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव लिहून ठेवतो. ज्यावर २.२० घेतलं ते सामना सुरू होताना १.९५ वर आलेलं असतं, असं बहुतेक वेळा घडतं. म्हणजे नशीब बाजूला ठेवलं तरी मी चांगल्या भावाला खरेदी करतोय.

मृणाल
पद्धत योग्य आहे, ती ठेवच. पण मोठ्या सामन्यात शेवटचा भाव हजारो लोकांच्या पैशाने घासून तयार होतो, म्हणून तो फुटपट्टी म्हणून चालतो. दुसऱ्या फळीत भाव कधीकधी तीन-चार पैजांनी हलतो. एका माणसाने तुझ्याच बाजूने जोरात लावलं तरी आमच्याकडे भाव खाली यायचा, आणि तो माणूस चूक असेल तरी यायचा. एका बुकीने भाव हलवला की बाकीचे नुसती नक्कल करायचे. वीस ठिकाणी १.९५ दिसतं, त्यामागे मत एकच असतं. त्यामुळे तुझी फुटपट्टी किती सरळ आहे, हे मला छातीठोक सांगता येणार नाही.

अविनाश
मग सोपा उपाय आहे. आधी लावूच नका. सामना सुरू झाला की कोण खेळतंय ते डोळ्यांनी दिसतं, पहिल्या पाच-सहा राउंडमध्ये बदली खेळाडू कसा आहे तेही कळतं. तेव्हा लाइव्ह लावा.

मृणाल
अविनाशजी, लाइनअपची खात्री होते हे खरं. पण तुम्ही जे बघता ते उशिराचं असतं. स्पर्धेची स्ट्रीम मुद्दाम मागे ठेवतात, नाहीतर खेळाडूंना प्रतिस्पर्धी कुठे आहेत ते कळेल. बुकीकडे मात्र अनेक स्पर्धांत थेट सर्व्हरमधून डेटा येतो. तुमच्या पडद्यावर तीन विरुद्ध दोन दिसतं तेव्हा राउंड संपलेलाही असू शकतो. शिवाय लाइव्ह भावात मार्जिन आणखी वाढवलेलं असतं, आणि पैज स्वीकारायला काही सेकंद लावतात. त्या सेकंदांत खेळ तुमच्या बाजूने फिरला तर अनेकदा पैज नाकारली जाते, विरुद्ध फिरला तर मंजूर होते.

अविनाश
हे मला ठाऊक नव्हतं. 'पैज नाकारली' असं मला बऱ्याचदा येतं, मी इंटरनेट खराब समजत होतो.

शलाका
ओंकार, एक विचारू? ज्या वेळी तुला खरंच आधी कळलं होतं, तेव्हा काय झालं?

ओंकार
दोनदा झालं. पहिल्यांदा ५०० लावायला गेलो, तर या सामन्यावर कमाल मर्यादा ४० आहे असं आलं. ४० लावले, जिंकलो. दुसऱ्यांदा पैज स्वीकारली गेली, टीम जिंकली, पण दुसऱ्या दिवशी 'भाव उघड चुकीचा होता' म्हणून रद्द करून मुद्दल परत दिलं. चुकलेल्या पैजा मात्र एकदाही रद्द झाल्या नाहीत. हे आत्ता लिहिताना पहिल्यांदा एकत्र दिसतंय.

मृणाल
मर्यादा त्यासाठीच असते. बातमी खोटी असते त्या दिवशी तुझे ५०० च्या ५०० घेतले जातात, खरी असते त्या दिवशी ४० घेतात. तुझं ज्ञान दोन्ही दिवशी तेवढंच, पण बरोबर असताना पैज लहान आणि चुकताना मोठी. हे वर्षभर चाललं तर खेळ कितीही कळला तरी हिशेब उणे येतो.

तन्मय
म्हणूनच मी बुकीकडे न जाता लोकांच्या आपसातल्या एक्सचेंजवर लावतो. तिथे कुणी माझी मर्यादा कमी करत नाही.

मृणाल
तिथे दुसऱ्या फळीच्या सामन्यावर समोरून पैसा किती उभा असतो?

तन्मय
कमी. काल एका सामन्यावर २.१५ ला एकूण ३२ उपलब्ध होते. पुढचा भाव थेट १.७०. ते ३२ मी घेतले.

शलाका
ते ३२ तिथे कोणी ठेवले होते, आणि त्याला काय माहीत होतं?

तन्मय
ते मला कळायचा मार्ग नाही. लाइनअप घोषित व्हायची होती. सामना आज रात्री आहे.