काल 'भावा', आज 'आपणांस कळविण्यात येते'

कुपवाडचा डिस्पॅचवाला
१२ वर्षं एका टेबलाला डबा खाल्लेला दोस्त. एप्रिलपासून मी डिस्पॅचचा इनचार्ज झालो आणि तो माझ्या हाताखाली आला. रोजच्या गाड्यांचा रिपोर्ट ६ ला यायला पाहिजे, त्याचा येतो साडेसातला. आधी मी लिहायचो, "भावा, टाक की लवकर, साहेब बोंबलतोय." आता साहेब मीच. गेल्या सोमवारी मेल केला, "आपणांस कळविण्यात येते की दैनिक अहवाल सायं. ६ पर्यंत सादर करावा." एचआरला सीसी. उत्तर आलं, "ओके सर." त्या दिवसापासून तो डबा घेऊन गेटजवळच्या शेडमध्ये बसतो. लिहिण्यात फरक करायचा का नाही? आणि करायचा तर कसा?

विश्रामबागची ऑफिसर
करायलाच पाहिजे, आणि तुम्ही उशीर केलात. एप्रिलच्या पहिल्या दिवशीच करायला हवा होता. मी बँकेत आहे. ऑफिसर झाले तेव्हा काउंटरवरच्या माझ्या मैत्रिणीला मी तीन महिने 'अगं' लिहीत राहिले, बाकीच्या सहाजणींना 'तुम्ही'. दिवाळीत तिची रजा मंजूर झाली आणि दुसरीची अडली. कारण साधं होतं, हिचा अर्ज आधी आला होता. पण कुणी तारीख बघितली नाही, सगळ्यांनी 'अगं' बघितलं. पुढच्या बदलीनंतर मी नव्या शाखेत पाय ठेवला त्या दिवसापासून सगळ्यांना 'तुम्ही'. कटकट संपली.

तासगावचा गडी
ताई, नव्या शाखेत तुम्हाला कोण ओळखत होतं? तिथं 'तुम्ही' म्हणायला काय लागतं! जुन्या माणसाला 'तू'वरनं 'तुम्ही'वर नेणं म्हणजे वेगळी गोष्ट. आमच्याकडं बांधावरनं कोर्टात गेलेले चुलतभाऊ एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. "तुम्ही तुमचं बघा, आम्ही आमचं बघतो." दोस्ताला अचानक मान दिला की त्याला कळतं, काहीतरी बिनसलंय. मी असतो तर शेडमध्ये नाही, थेट घरी जाऊन जेवलो असतो.

साताऱ्याचे मास्तर
यात कमीपणा कसला वाटून घेता? माझा वर्गमित्र आमचा केंद्रप्रमुख झाला. मी चारचौघांत त्याला 'साहेब' म्हणतो, पोवई नाक्यावर चहाला 'ए बाळ्या' म्हणतो. खुर्चीचा मान खुर्चीला. मित्र मोठा झाला तर आनंद माना.

कुपवाडचा डिस्पॅचवाला
मास्तर, साहेब मी झालोय. तो नाही.

साताऱ्याचे मास्तर
अस्सं. मग अवघड आहे. खालच्यानं वरच्याला मान दिला तर नम्रता म्हणतात, वरच्यानं खालच्याला अचानक दिला तर नोटीस.

दप्तरातला माणूस, सांगली
मास्तरांनी न वाचता दिलेलं उत्तर चुकलं, वाचून दिलेलं बरोबर आलं. मी ३४ वर्षं सरकारी दप्तरात आस्थापनेचं टेबल सांभाळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मेलमधली भाषा ज्ञापनाची आहे. ज्ञापनात आम्ही समोरच्याला 'आपण'सुद्धा म्हणत नव्हतो. "श्री. अमुक, वरिष्ठ सहाय्यक, यांना याद्वारे कळविण्यात येते की", असं तृतीयपुरुषी. वर 'प्रिय' नाही, खाली 'आपला' नाही, नुसती सही आणि पदनाम. कारण तो कागद त्या माणसाशी बोलतच नसतो. तो फाईलशी बोलतो, उद्या कुणी तिसऱ्यानं उघडली तर काय घडलं ते कळावं म्हणून. त्यामुळे ज्ञापन निघायच्या आधी एकदा-दोनदा तोंडी सांगून झालेलं असायचं. तुम्ही तोंडी एकदाही बोलला नाहीत, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. मग दोस्तानं काय वाचलं? माझी फाईल उघडली. त्यानं मजकुराच्या आधी सीसीची ओळ बघितली असणार.

पण त्याच दप्तरात एक मधली वाटही आहे, अर्धशासकीय पत्र. साधी पत्रं जाऊनही काम हलत नसेल तर अधिकारी समोरच्याला नावानं लिहितो, "प्रिय श्री. अमुक", आणि शेवटी 'आपला' म्हणून स्वतःच्या नावानं सही करतो. विषय कामाचाच, आणि तगादाही असतो त्यात. पण माणूस माणसाला लिहितोय एवढं त्यातून कळतं. तेव्हा 'भावा' आणि 'कळविण्यात येते' या दोनच खोल्या आहेत असं समजू नका.

आता तुमचं जुनं वाक्य बघा. "भावा, टाक की लवकर, साहेब बोंबलतोय." यातला जोर 'भावा'त नव्हता, 'साहेब बोंबलतोय'मध्ये होता. तुम्ही दोघं अलीकडं, साहेब पलीकडं. तो पलीकडचा माणूसच आता राहिला नाही. 'भावा' ठेवून साहेब काढला की उरतं "भावा, टाक की लवकर." म्हणजे एक तर विनवणी, नाही तर हुकूम. त्यामुळे जुन्या वाक्यावर परत जाता येणार नाही, तासगावकरांनी कितीही सांगितलं तरी.

आणि शेवटचं. तुम्ही सगळे 'तू'-'तुम्ही'वर अडलाय, पण मराठीत खरा फरक क्रियापदात पडतो. टाक की, टाक, टाका, टाकावा, सादर करण्यात यावा. पाच पायऱ्या. तुम्ही पहिलीवरून एकदम चौथीवर उडी मारलीत. मधे अशी एक जागा आहे जिथं 'तू'ही लागत नाही आणि 'तुम्ही'ही नाही. "रिपोर्ट ६ ला लागतो." "आजचा अजून आला नाही." करणारा वाक्यात नाहीच, त्यामुळे त्याला मान किती द्यायचा हा प्रश्नच येत नाही. फक्त अशा वाक्याला कारण जोडावं लागतं, नाही तर ते टोमण्यासारखं वाचलं जातं. ६ च का? ते लिहा.

मिरजेचा कामगार
मी दुसऱ्या बाजूचा. माझा दोस्त साहेब झाला, मी खाली राहिलो. त्यानं भाषा अजिबात बदलली नाही आणि मला त्याचाच त्रास झाला. शनिवारी रात्री मेसेज, "मित्रा, रविवारी आपण लोडिंग उरकून घेऊ." यातला 'आपण' म्हणजे मी एकटा. तो सकाळी फोन करून विचारतो, झालं का. साध्या साहेबानं "रविवारी या" लिहिलं असतं तर मी "ओव्हरटाइम लावणार का?" विचारलं असतं. 'मित्रा'ला ते कसं विचारायचं? दोस्तीत लिहिलं की नाही म्हणायची सोयच जाते. तुम्हाला गोडवा टिकवायचा असतो, किंमत आम्ही देतो. तेव्हा या भावाचा मेल मला कोरडा वाटला तरी खोटा नाही वाटला.

तासगावचा गडी
हे मात्र पटलं. 'आपण'चं तर लई बरोबर. आमचा सोसायटीचा सचिवपण असाच, "आपण वसुली कमी केली." त्यातला 'आपण' म्हणजे मी, श्रेय आलं असतं तर त्याचा 'मी' झाला असता.

विश्रामबागची ऑफिसर
दप्तरवाले काका, कर्ता गाळायची युक्ती दोघांत चालेल. ग्रुपवर काय? तिथं समजा आठजण आहेत. सातजणांना "पाठवा" आणि ह्याला "पाठव", हे दिसणारच.

दप्तरातला माणूस, सांगली
ग्रुपवर क्रियापद सगळ्यांना एकच. "सगळ्यांनी ६ पर्यंत टाकावेत." त्यात त्याला वेगळं 'तुम्ही' करायची गरज नाही आणि 'तू'ही दिसत नाही. वर मॅनेजरला लिहिताना मात्र त्याच्याबद्दल 'तो आला नाही' लिहू नका, 'ते आले नाहीत' लिहा. तिथं तुमची दोस्ती तिसऱ्याला दाखवायचं कारण नाही, आणि तक्रारीत एकेरी आलं की राग दिसतो. समोरासमोर मी 'तू'च ठेवला असता.

विश्रामबागची ऑफिसर
इथं माझं जमत नाही. खाजगीत 'तू' आणि कागदावर 'ते', ही दोन तोंडं सांभाळताना कधीतरी चूक होतेच. माझ्याकडून एकदा ग्राहकासमोर 'अगं' गेलं होतं.

दप्तरातला माणूस, सांगली
जातं. त्यानं आभाळ कोसळत नाही.

कुपवाडचा डिस्पॅचवाला
सगळ्यांचं वाचलं. खरं सांगायचं तर तोंडी मी बोललोच नव्हतो. बोलायला गेलो असतो तर हसण्यावारी गेलं असतं, म्हणून मेलच्या आड लपलो. काल शेडमध्ये गेलो. म्हटलं, मेल लिहायच्या आधी तुला सांगायला पाहिजे होतं, सीसी तर करायलाच नको होती. तो म्हणाला, "रिपोर्ट उशिरा का येतो, ते एकदा तरी विचारलंस का?" शेवटची गाडी पावणेसहाला गेटवर येते, काटा होईपर्यंत साडेसहा. म्हणजे ६ ला पूर्ण रिपोर्ट निघणंच शक्य नाही. हे मला माहीत असायला पाहिजे होतं, १२ वर्षं मीच तो भरलाय. पण तेव्हा वेळ पाळायची जबाबदारी माझी नव्हती.

रात्री हा मेसेज टाकला, बघा कसा वाटतो:

"उद्याच्या गाड्या ट्रान्सपोर्टला साडेसहाच्या आत सांगाव्या लागतात, नंतर त्यांचं ऑफिस बंद होतं. त्यासाठी ६ ला जेवढ्या गाड्या गेटबाहेर गेल्यात तेवढ्यांचा रिपोर्ट लागतो. शेवटची गाडी काटा झाल्यावर वेगळी आली तरी चालेल. पुढच्या शनिवारपर्यंत असं करून बघायचं, नाही जमलं तर बसून ठरवू."

एचआरला वेगळा मेल केला की सोमवारची वेळ चुकीची धरली होती, अहवाल दोन भागांत येईल.

मिरजेचा कामगार
'ठरवू' म्हणजे दोघं ना? का त्यानं एकट्यानं?

कुपवाडचा डिस्पॅचवाला
दोघं, दोघं.

विश्रामबागची ऑफिसर
मेसेज चांगला आहे. पण वर नाव नाही, खाली नाव नाही. रोज असंच बिननावाचं लिहिणार का? कधीतरी त्याला हाक मारावी लागेल, तेव्हा काय म्हणणार ते ठरवून ठेवा.

कुपवाडचा डिस्पॅचवाला
ते नाही ठरलं. आज रिपोर्ट ६ वाजून १० मिनिटांनी आला, एक गाडी बाकी ठेवून. खाली एकच शब्द लिहिलेला, "बघा."

तासगावचा गडी
'ओके सर'वरनं 'बघा'वर आलाय म्हणजे निम्मा रस्ता झाला. उद्या डबा घेऊन जावा शेडमध्ये.

साताऱ्याचे मास्तर
'बघा'तला शेवटचा 'आ' रागाचा पण असू शकतो.