मदत हवी आहे: हार्डवेअरच्या दुकानात पहिलाच माणूस ठेवतोय

फोंडेकर_हार्डवेअर
फोंड्यात आमचं नळजोडणीचं सामान आणि किरकोळ इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. आजवर मी आणि बायको सांभाळत होतो. आता ती शाळेत रुजू झाली, त्यामुळे एक माणूस ठेवायचाय. दाराला ‘कामाला मुलगा पाहिजे’ असा कागद लावला. चौकशीला बरेच आले, पण पगार आणि वेळ ऐकून परत गेले. जाहिरात कशी लिहू? मुलाखतीत काय विचारू? आणि पहिल्या आठवड्यात काय शिकवू? दुकान ९ ते १ आणि ३.३० ते ८.

नाना_साखळी
मुलगी ठेव, ‘फक्त मुलगी’ असं स्पष्ट लिही. आणि पहिल्या दिवसापासून गल्ल्यावर बसव, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. पैसे कमी आले तर पगारातून काप, आपोआप लक्ष देईल.

काउंटरवरची
नाना, पहिल्या आठवड्यातच ग्राहकासमोर उभं करायचं हे बरोबर, पण गल्ल्यावर नको. आणि ‘फक्त मुलगी’ किंवा ‘फक्त मुलगा’ लिहू नका, भरतीत असा भेद कायद्याला चालत नाही.

फोंडेकर, लोक परत गेले कारण त्यांना दारात येईपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. कागदावर इतकं हवं: ‘हार्डवेअर दुकानात विक्रीसाठी व्यक्ती हवी. वय १८ पूर्ण. कोकणी बोलता यावी, हिंदी समजावी, बेरीज-वजाबाकी यावी. अनुभव नसला तरी शिकवू. २० किलोपर्यंतचं खोकं उचलावं लागतं. वेळ अमुक, सुट्टी रविवारी, पगार इतका. भेट संध्याकाळी ५ ते ६.’ पगाराचा आकडा टाकाच, पण आधी कामगार आयुक्त कार्यालयाच्या किमान वेतनाच्या दरपत्रकाशी ताडून घ्या. निम्मी गर्दी तिथेच गळेल, आणि ती गळलेलीच बरी.

मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ नको. समोर १८७ चं बिल ठेवा, ५०० ची नोट द्या, परत किती ते विचारा. ३१३ येईपर्यंत कागद घेतला तरी हरकत नाही, न मोजता हातात कोंबणारा धोक्याचा. मग पांढरा यूपीव्हीसी आणि पिवळसर सीपीव्हीसी, दोन्ही अर्धा इंची एल्बो दाखवा. सीपीव्हीसी गरम पाण्याला चालतो, यूपीव्हीसी नाही, एवढंच सांगा. दहा मिनिटांनी ‘गिझरच्या लाइनला कुठला देशील?’ म्हणून विचारा. आठवलं तर उत्तम. ‘विसरलो, परत सांगा’ म्हटलं तरी माणूस कामाचा. ठोकून चुकीचा देणाऱ्याला नको म्हणा.

कुडचडेकर
माझ्या भाच्याला आयटीआय करून वर्ष झालं, म्हापशात कुठे जागा आहे का?

काउंटरवरची
तो वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

पहिल्या आठवड्याचं म्हणाल तर सोमवारी बिल नाही, फक्त माल लावणं. पण यूपीव्हीसी, सीपीव्हीसी आणि जीआय असे तीनच कप्पे द्या, सगळं दुकान नव्हे. लावताना साइज हाताला कळतो. मंगळवारी तुम्ही ग्राहकाशी बोला, माल तो काढेल. ‘पाऊण इंची टी’ ऐकून अर्धा इंची आणला तर तिथेच दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. ग्राहकासमोर ओरडलात तर पुढच्या वेळी विचारायचं सोडून अंदाजाने देईल. सॉल्व्हंटचं मात्र एकदा ठासून सांगा: सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच, नाहीतर गळकी लाइन आणि चिडलेला प्लंबर दोन्ही आपल्याकडे.

बुधवारपासून बिल तो लिहील, पैसे तुम्ही घ्याल. यूपीआय त्या दिवसापासूनच शिकवा: ग्राहकाच्या मोबाईलवरचं ‘सक्सेस’ बघून माल देऊ नये, आपल्या फोनवर किंवा स्पीकरवर रक्कम आली तरच. गल्ला गुरुवारी. शनिवारी ११ नंतर, गर्दी ओसरल्यावर, तासभर एकटा ठेवा.

संध्याकाळी हिशोब त्याच्यासोबतच करा. सकाळी गल्ल्यात १,०००, रोख विक्री ६,४३०, टेम्पोला दिले २४०, म्हणजे ७,१९० हवेत. ७,०९० निघाले तर लगेच पगार कापायला धावू नका. नेमके शंभर कमी असतील तर बहुधा सुट्टे देताना शंभराची नोट जास्त गेली, किंवा खर्च लिहायचा राहिला. वेगवेगळ्या रकमांनी वारंवार कमी येऊ लागले, तरच काळजी करा.

नाना_साखळी
पगार कापायचं मागे घेतो. पण मुलीबद्दल अजून तेच म्हणतो, काउंटर नीट राहतो.

फोंडेकर_हार्डवेअर
धन्यवाद, कागद आज बदलतो. पण वेळेचं राहिलंच. दुपारी बंद म्हणजे बोरीहून येणाऱ्याला दिवसात चार बसफेऱ्या, वर कामाचे साडेआठ तास.

काउंटरवरची
मी मधे न सोडता सलग ९ ते ५ ठेवते. संध्याकाळची गर्दी एकटीनं सोसते.

नाना_साखळी
आमच्याकडे सगळा धंदा साडेपाचनंतर. सलग ठेवून उपयोग काय?

फोंडेकर_हार्डवेअर
आमचे प्लंबर सकाळीच येतात, घरगुती गिऱ्हाईक संध्याकाळी. दोन्ही वेळा लिहून बघतो, कोण कशासाठी विचारतंय ते कळवतो.