मेंढीकोट: एका हातात दोन मेंढ्या आल्या, तरी डाव गेला. चूक माझी की कट हुकमाची?

छक्की_उरली:
गणपतीत मामाकडे मेंढीकोट बसला होता, कट हुकमाचा. पानं मी वाटली, त्यामुळे उतारी माझ्या उजवीकडच्या मामाची. त्यानं बदाम एक्का उतरला, मी पंजी दिली. मग बदाम राजा, त्यावर माझी राणी गेली. तिसऱ्यांदा बदाम गुलाम. समोरून ताईनं, म्हणजे माझ्या भिडूनं, अठ्ठी टाकली. मामीनं खुशीत बदामची दश्शी सोडली आणि माझ्याकडचं बदाम संपलेलं! हातात होतं ते असं: इस्पिक राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, चौकी, किलवर एक्का, नव्वी, पंजी, तिर्री, चौकट दश्शी आणि छक्की. मी चौकट दश्शीनं कापलं. पण शेवटी मेंढ्या दोन-दोन आणि हात त्यांचे आठ, आमचे पाच. मामा म्हणतो, चौकट हुकूम करायचीच नव्हती. माझं म्हणणं, कट हुकमात डोकं चालवायला जागाच नसते, ज्याचं पान आधी संपेल त्याचं नशीब. बंद हुकूमच खरा खेळ. पटतंय का?

तळेगावचा_भिडू:
तुम्ही केलंत ते बरोबर. समोर आलेली मेंढी उचलायची, आणि स्वतःचीही सुखरूप घरी न्यायची. तुम्ही शेवटचे होतात, वरून कोणी कापणार नव्हतं. दोन मेंढ्या घरात आल्यावर आणखी एकच लागते. पुढे कुठेतरी माती खाल्ली असणार.

जुनाजाणता:
मेंढ्या घरी आल्या, पण हुकूम परक्याच्या घरी गेला त्याचं काय? चौकटची छक्कीच हातात राहिली. ती वापरणार कुठे? इस्पिकची पाच पानं, किलवरची चार, म्हणजे ती दोन्ही उतारींना द्यावीच लागणार. बदाम तेवढं कापता आलं असतं, आणि तीन फेऱ्या झाल्यावर बदामची बाहेर दोनच पानं उरतात, नव्वी आणि सत्ती. तुम्ही असा हुकूम केलात जो तुम्हाला वापरताच येणार नव्हता. चौकटची अकरा पानं बाकी तिघांत, त्यांत एक्का, राजा, राणी, गुलाम सगळे.

आणि ती बदामची मेंढी? ती इस्पिक चौकीनंही आलीच असती. तुम्ही शेवटचे होतात, दुर्री टाकली असती तरी हात तुमचाच. खरा सवाल एवढाच होता की चौकटची मेंढी त्याच हातात आणायची की इस्पिक हुकूम करून राजा, गुलाम, नव्वी, सत्ती मागे ठेवायची.

भिडू_नंबर_तीन:
इस्पिक केलं असतं तर सरळ कोटच लागला असता. चारही मेंढ्या!

जुनाजाणता:
कोट कसला! चौकट दश्शीला आधार छक्कीचा. समोरच्यानं चौकट एक्का उतरला की छक्की जाते आणि राजा उतरला की मेंढी. इस्पिक करताना ती मेंढी जवळजवळ सोडूनच द्यावी लागते. म्हणून तर हा निर्णय अवघड, उगाच सोपा करू नका.

सासुरवाशीण_४२:
आमच्याकडे सांगलीला बंद हुकूमच. पहिली पाच पानं वाटली की वाटणाऱ्याच्या उजवीकडचा हुकमाचं पान पालथं घालतो, मग उरलेली चार-चार. माझ्या सासूबाईंनी एकदा पालथं घातलेलं पान हेच त्यांचं किलवरचं शेवटचं उरलं होतं. किलवर उतरलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे किलवर नाही. आता ते पान हातातलं धरायचं की नाही? अर्धा तास भांडण. दीर म्हणे ते उघडून द्यायलाच हवं, सासूबाई म्हणे जो हुकूम मागेल त्याच्यासाठीच ते उघडतं. तुमच्याकडे काय करतात?

तळेगावचा_भिडू:
ताई, धागा कट हुकमाचा आहे. पण आमच्याकडे ते पान द्यावंच लागतं, नाहीतर पान चोरल्याचा दंड.

जुनाजाणता:
दोन घरं, दोन नियम, खेळायच्या आधी बोलून घ्यावं. मूळ मुद्दा मात्र इथे आलाय. बंद हुकमात पान संपलं तरी हुकूम मागायचा की फुटकळ पान टाकून गप्प बसायचं, हे आपल्या हातात असतं. कट हुकमात तशी सोय नाही. पान संपलं की जे टाकाल तोच हुकूम. म्हणून तर विचार आधीच करावा लागतो. पानं लावतानाच बदाम दोनच दिसलं होतं ना? तेव्हाच ठरवायला हवं होतं, तिसरी फेरी आली तर काय टाकायचं. तुम्ही ते मेंढी समोर आल्यावर ठरवलंत, आणि मेंढी बघितली की माणूस घाई करतो. नशिबाला का दोष देता?

शिवाय मामीची चूक कोणीच बोलत नाही. राजावर तुमची राणी पडली. हातात दुसरं बदाम असताना कोणी राणी देतं का? तिथेच कळायला हवं होतं की याचं बदाम संपलं. तरीही त्यांनी दश्शी टाकली!

छक्की_उरली:
मामीला हे वाचून दाखवणार नाही, पुढच्या वेळी चहा मिळायचा नाही. डाव संपल्यावर आम्ही पानं मांडून पाहिली होती. मामाकडे चौकट एक्का, राजा, गुलाम, अठ्ठी, चौकी, म्हणजे पाच! मामीकडे राणी धरून चार, ताईकडे पंजी आणि दुर्री. उलट इस्पिक एक्का ताईकडे, सोबत अठ्ठी, छक्की, तिर्री. मामाकडे इस्पिकची मेंढी आणि दुर्री, मामीकडे राणी आणि पंजी.

जुनाजाणता:
मग बघा. इस्पिक चौकीनं कापून पुढची उतारी तुमची. इस्पिक राजा उतरा: मामाची दुर्री, ताईची तिर्री, मामीची पंजी. मग गुलाम उतरा. मामाला मेंढी द्यावीच लागते, ताई एक्का घालते, मामीची राणी फुकट जाते. दोन मेंढ्या घरात, समोरच्यांचा हुकूम साफ. तुमच्याकडे नव्वी-सत्ती, ताईकडे अठ्ठी-छक्की. हात तीन झालेच, चार हुकमाचे वेगवेगळे पडले तर सात, वर किलवर एक्का आहेच. उरलेल्या दोन मेंढ्या त्यांनी नेल्या तरी डाव तुमचा.

तळेगावचा_भिडू:
पानं मांडल्यावर सगळेच शहाणे. इस्पिक एक्का, राणी आणि मेंढी तिन्ही मामाकडे असती तर? तेव्हा तुमचे राजा-गुलाम गेले असते, चौकटची मेंढीही गेली असती, आणि मग म्हणाला असतात, हातात आलेल्या दोन मेंढ्या सोडल्या. मामालाही स्वतःची पानं दिसत होती म्हणून तो चौकट नको म्हणतोय.

जुनाजाणता:
तशी वाटणी होऊ शकते, मान्य. पण हातात पाच पानं असलेला रंग आणि दोन असलेला रंग, यांत मी दर वेळी पाचचाच हुकूम करीन. दहात तीनदा हरलो तरी चालेल.

तळेगावचा_भिडू:
आणि मी दर वेळी दोन मेंढ्या उचलीन.

छक्की_उरली:
दसऱ्याला पुन्हा बसणार आहोत. मामा म्हणतोय कटच, मी बंदवर अडलोय. ताई म्हणते, आधी मेंढ्या मोजायला शीक.

सासुरवाशीण_४२:
पण माझ्या सासूबाईंच्या किलवरचं काय ते कोणी सांगा ना!