भरिताचं ब्रॉडकास्ट

> "व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट २०० जणांना जातं, डब्याच्या ऑर्डरी चार-पाचच. मेसेज चुकतोय का?"

ताई, आधी तो मेसेज दाबून धरा आणि माहितीत पोचलेल्यांची यादी बघा. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. स्टेटसही त्यांना दिसत नाही. मी आता डब्यावरच चिठ्ठी चिकटवते: 'नंबर सेव्ह करा, शनिवारचा मेनू येईल.'

आमच्याकडे जळगावात शनिवारी भरित असतं. गुरुवारी संध्याकाळी स्टेटसला फक्त काड्यांवर वांगी भाजतानाचा व्हिडिओ टाकते, भाव नाही. शुक्रवारी सकाळी अकराला ब्रॉडकास्ट:

'उद्या भरित, कळण्याच्या २ भाकरी, ठेचा. १२० रुपये. फक्त २५ डबे. आज रात्री ८ पर्यंत "भरित २" असं लिहून पाठवा.'

शेवटची ओळ महत्त्वाची. आधी मी 'संपर्क करा' लिहायचे, तर लोक नुसता अंगठा पाठवायचे! आणि आठची वेळ का, तर वांगी सकाळी मोजूनच आणायची असतात.

डबे संपले की स्टेटसला 'संपलं' टाका. रोज ब्रॉडकास्ट मात्र नको, लोक कंटाळून ब्लॉक करतात.