मदत हवी आहे: पित्ताशयात खडे आहेत, पण दुखतं ते दारू-मटणाच्या रात्रीच. दोष दारूचा का?

ऋतुजा_खामला:
नवऱ्याचं वय ४३. महिन्या-दोन महिन्यांत मित्रांसोबत बसणं होतं. व्हिस्कीचे दोन-तीन पेग आणि वर सावजी मटण. घरी येऊन झोपतात आणि रात्री एक-दीडला उठून बसतात. उजव्या बरगडीखाली आणि छातीच्या खालच्या खळग्यात आवळल्यासारखं दुखतं, मागे उजव्या खवाट्यापर्यंत कळ जाते. अ‍ॅसिडिटीची गोळी, थंड दूध, कशानेच फरक पडत नाही. तीनेक तासांनी आपोआप थांबतं. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे दिसले, सगळ्यात मोठा ९ मिमी. मी म्हणते दारू सोडा. ते म्हणतात, पिणाऱ्यांना खडे कमी होतात असं वाचलंय. खरं काय?

बर्डीचा_बंड्या:
वहिनी, माझा खडा बीअर पिऊनच पडला. भरपूर पाणी, दोन बीअर, लघवीवाटे साफ. काहून टेन्शन घेऊन राहिल्या?

निवृत्त_सिस्टर:
बंड्या, तुझा खडा मूत्रपिंडाचा होता. पित्ताशयाचा लघवीच्या वाटेला कधी येतच नाही.

धरमपेठकर:
भाऊ वाचले ते खरं आहे. थोडी दारू घेणाऱ्यांत पित्तखडे कमी आढळतात. दारूने पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी होतं, म्हणजे आहेत ते खडेही हळूहळू विरघळत असतील.

निवृत्त_सिस्टर:
अर्धं बरोबर. बऱ्याच पाहण्यांत हे दिसलंय, पण त्या नवीन खडे होण्याबद्दल आहेत. झालेला खडा दारूने विरघळत नाही. शिवाय न पिणाऱ्यांत तब्येतीमुळे सोडलेलेही धरले जातात, त्यामुळे फायदा असलाच तरी किती, हे मोजणं कठीण. उलट पिऊन पिऊन लिव्हर आकसलं, म्हणजे सिरोसिस झाला, की खड्यांचं प्रमाण वाढतं. ते बहुतेक काळे, रंगद्रव्याचे असतात. म्हणून 'दारू खड्यांवर चांगली' असं मी कोणाला सांगणार नाही.

ऋतुजाताई, दोन गोष्टी आठवून सांगा. नुसती दारू आणि फुटाणे-मुरमुरे अशा रात्री दुखलं का? आणि दारू न घेता तेलकट-तुपकट जेवल्यावर?

ऋतुजा_खामला:
विचारलं त्यांना. घरी दोन पेग आणि फुटाणे, तेव्हा कधीच नाही. पण भाच्याच्या लग्नात दारू नव्हती, शाही पनीर, पुऱ्या, गुलाबजाम झाले आणि रात्री अगदी हेच दुखणं. आम्ही गॅस समजलो होतो.

निवृत्त_सिस्टर:
मग चित्र बरंच स्पष्ट आहे. तेल-तूप लहान आतड्यात पोचलं की तिथून एक संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आवळून पित्त सोडतं. आत खडा असेल तर तो तोंडाशी येऊन अडकतो. पिशवी दाबत राहते, वाट बंद, म्हणून कळ. खडा मागे सरकला की दुखणं थांबतं. सावजीची तर्री बघा, वर तेलाचा तवंग आलेला असतो. जेवण रात्री दहा-अकराला, वर भरपूर, म्हणून कळ मध्यरात्रीनंतर. दारू त्याच ताटाशेजारी असते म्हणून नाव तिचं होतं. पेग चढले की चार घास जास्त जातात, तेवढा तिचा हात.

धरमपेठकर:
म्हणजे पेग चालू, मटण बंद? 😄

निवृत्त_सिस्टर:
नाही बाबा. दारूचा खरा धोका स्वादुपिंडाला. अचानक सूज येण्याची दोन सगळ्यात नेहमीची कारणं म्हणजे पित्तखडे आणि दारू. यांच्याकडे दोन्ही आहेत. लहान खडा पित्तनळीत उतरून खाली अडकला तरी सूज येते, त्यामुळे ९ मिमीच्या खड्यापेक्षा बाकीच्या बारीक खड्यांची मला जास्त काळजी. वॉर्डात असे पेशंट ओळखू यायचे: दुखणं थांबत नाही, सरळ पाठीत आरपार जातं, सारख्या उलट्या, पुढे वाकून बसलं की जरा बरं. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, तडक कॅज्युअल्टीत जा. तिथे रक्तातलं लायपेज बघतात. कळ पाच-सहा तासांवर गेली, ताप-थंडी आली, डोळे पिवळे झाले, तरीही तेच.

बर्डीचा_बंड्या:
आमच्या काकांच्या पित्ताशयात १५ वर्षांपासून खडे आहेत, काहीच होऊन नाही राहिलं. ऑपरेशनचं कशाला काढता राजेहो?

निवृत्त_सिस्टर:
काकांना कळ येत नसेल तर डॉक्टरही बहुधा हात लावत नाहीत. एकदा कळा सुरू झाल्या की त्या परत येतात, मग दुर्बिणीने पित्ताशय काढायचा सल्ला मिळतो. तोवर तर्री, तळण बंद, आणि दारूही नकोच. ऋतुजाताई, मागच्या कळेला उलट्या झाल्या होत्या? लिव्हरच्या तपासण्या, लायपेज काही केलं का?

ऋतुजा_खामला:
उलट्या दोनदा झाल्या. सोनोग्राफी नंतर आठवड्याने केली, रक्त तपासलंच नाही. सोमवारी सर्जनची वेळ घेतली आहे, रिपोर्ट आले की इथे टाकते. नवऱ्याने धागा वाचलाय, फुटाण्यांचा भाग तेवढा मोठ्याने वाचून दाखवतात.